आखाजीआधीचे एकवीस दिवस

पाडवा होऊन चार दिवस झाले होते आणि नंदुरबारजवळच्या रनाळ्यात ऊन सकाळी आठलाच पाठीवर बसायला लागलं होतं. वारा औषधालाही नव्हता. असलं ऊन बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, मानवतं, म्हणून चेतना आणि तिची सासू धनुबाई पहाटेच धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, चढल्या होत्या. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा असतो. हात भाजतो, आणि हात थांबला तर घाटा आळतो. धनुबाईंच्या बिबड्या चंद्रासारख्या गोल निघत. चेतनाच्या नकाशासारख्या.

तेवढ्यात धाब्याच्या कठड्यावर फोन थरथरला. चेतनाने हात लुगड्याच्या चिंधीला पुसून बघितलं आणि फोन परत पालथा ठेवला.

"कोन मरनं?" धनुबाईंनी मान वर न करता विचारलं.

"कोन्ही मरनं नही आत्या. पुनानी पोरगी आज क्लासले येवाव नही. तिन्ही परीक्षा शे."

"मांगला आठवडामाबी परीक्षाच व्हती ना?"

"तवय पोट दुखत व्हतं."

"बरं शे. परीक्षामा पोट दुखनं तं दोन आठवडानं काम व्हई जातं." धनुबाईंनी आणखी एक चंद्र थापला.

चेतना हसली खरी, पण तिचं गणित पोट दुखण्यासारखंच होतं. ती कोरीट गावची लेक, गायनात विशारद. नंदुरबारच्या एका इंग्रजी शाळेत तिने नऊ वर्षं प्रार्थना आणि समूहगीतं शिकवली. मग शाळेने संगीताचा तास काढून तिथे कोडिंगचा घातला. त्याआधीच, लोक घरात कोंडले गेले त्या काळात, तिने मोबाईलवर व्हिडिओ क्लास सुरू केले होते. ओसरीलगतच्या खोलीत पेटी, तानपुऱ्याचं ॲप, भिंतीला निळी चादर. पहिल्या वर्षी सतरा पोरं होती. पुण्याची, नाशकाची, एक तर पार दुबईची. आता उरली होती पाच. आठवड्याला एक तास, समोर पडदा, पडद्यात कंटाळलेलं पोर आणि पोरामागे खुणा करणारी त्याची आई. असं शिकवणारे आता गल्लोगल्ली झाले होते आणि सगळ्यांच्या मागे तीच निळी चादर होती. शिवाय पडद्यावरून दोघांना एकत्र गाता येत नाही. आवाज उशिरा पोचतो. तिने सा लावला की पोर त्यावर लावतं, पण तिच्याकडे येईपर्यंत तो मागे पडलेला असतो. म्हणून आधी मी, मग तू, असं सगळं आयुष्य चाललं होतं.

आणि खोलीवर अमृतचा डोळा होता. अमृत म्हणजे तिचा नवरा. शेती होती, त्याला जोडून त्याने ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतली होती, आणि नळ्यांची भेंडोळी सध्या ओसरीत, जिन्यात, देवघराच्या दारात पडलेली असत. तो रागावणारा माणूस नव्हता. त्याने जेवताना शांतपणे आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, मुदत दिली होती, "आखाजीलोंग देख. जमनं तं खोली तुन्ही. नही जमनं तं मी तठे पाइपा ठेवसू. पेटी घरना माळावर ठेवी दिऊ, झाकीझुकीसन."

झाकीझुकीसन हा शब्द चेतनाला लागला होता. मेलेल्या माणसाला झाकतात तसा तो तिला वाटला.

दुपारी आयुषी आली. गावात माणकचंदशेठचं किराणा आणि कापडाचं दुकान आहे, त्यांची ही नात. बी.कॉम. झालेली, दुकानाच्या साड्यांचे फोटो फोनवर टाकून ती त्या नाशिक-इंदूरपर्यंत विकते, आणि मंगळवार-शुक्रवारी चेतनाकडे समोर बसून पेटी शिकते. बोटं मंद, पण जीभ फार चपळ.

त्या दिवशी भूपाच्या आरोहाऐवजी खोलीचाच विषय निघाला.

"मॅडम, मग काहीतरी वेगळं काढा ना."

"काढलंय." चेतनाने वही उघडली. रात्र रात्र जागून नाही, भाकरी करता करता सुचेल तसं तिने लिहून ठेवलं होतं. "दर महिन्याला एक राग, रेकॉर्ड केलेले धडे."

"ते फुकट मिळतं. यूट्यूबवर ढीग आहे."

"रिटायर्ड लोकांसाठी पेटी."

"छान आहे. पण त्यांना शिकायचं किती दिवस? काय आलं म्हणजे संपलं? मॅडम, आमच्या दुकानात बाई साडी घ्यायला येते ना, दादाजी आधी विचारतात, कोणाच्या लग्नाला? लग्न कधी? तारीख नसलेलं गिऱ्हाईक फक्त साड्या उलगडून बघतं आणि चहा पिऊन जातं. तुमच्या क्लासला तारीखच नाही."

"गाण्याला कसली तारीख?"

"म्हणून तर पोरांची पोटं दुखतात."

चेतनाला राग आला. ती म्हणाली, "भूप वाजव."

आयुषीने ग ऐवजी म दाबला तेवढ्यात आतून धनुबाईंचा आवाज चढला. सुरतेहून रुचिकाचा फोन होता. रुचिका म्हणजे अमृतची धाकटी बहीण. उधन्याला राहते, तिचा नवरा मिलमध्ये आहे. फोन स्पीकरवर, कारण धनुबाईंना तो कानाला लावणं मंजूर नव्हतं.

"माय, मी आखाजीले येवाव नही यंदा. यासनी सुटी नही."

धनुबाईंनी फोन जवळ ओढला. खान्देशात दिवाळी एकीकडे आणि आखाजी एकीकडे. लेक आखाजीला माहेरी आली नाही तर कडुलिंबावरचा झोका रिकामा हलतो आणि आईला ते दिवसभर दिसत राहतं.

"आठे सोसायटीमा झोका बांधतस आम्ही," रुचिका सांगत होती. "बठ्ठ्या आपलाकडन्याच शेतस. शहाद्याच्या, तळोद्याच्या, धुळ्याच्या. पण माय, गानंच येत नही कोन्हाले. दोन वळी म्हणतस आन मंग मोबाईलवर डीजे लावतस. तू म्हण ना. मी लिखी लेस."

धनुबाई फोनमध्ये गायला लागल्या. तिसऱ्या ओळीला आवाज तुटला, मग चरचर, मग रुचिकाचं "हालो, हालो माय", मग काहीच नाही. धनुबाई मात्र फोन बंद झाल्यावरही पूर्ण कडवं म्हणूनच थांबल्या. अर्धं गाणं टाकायची त्यांना सवय नव्हती.

इकडे आयुषीने भाता सोडून दिला होता. "मॅडम," ती म्हणाली, "आखाजी कधी आहे?"

चेतनाने कॅलेंडर बघितलं. "बरोबर सव्वीस दिवस."

तिने वहीचं कोरं पान उघडलं.

पुढच्या दोन दिवसांत जे ठरलं ते असं. क्लास आठवड्याचा नाही, एकवीस दिवसांचा. शेवटचा दिवस आखाजी. शिकायला माहेर लांब असलेल्या बायका. शिकायची झोक्यावरची चार गाणी, एकही जास्त नाही. रोज सकाळी चेतना एका कडव्याचा आवाज पाठवणार. बायांनी भाकऱ्या झाल्यावर, गाडीत, गच्चीवर, वेळ मिळेल तेव्हा ऐकायचं आणि संध्याकाळपर्यंत आपल्या आवाजात म्हणून पाठवायचं. रात्री आठच्या आत चेतना प्रत्येकीला बोलून उत्तर देणार, 'दुसऱ्या ओळीत माहेर म्हणताना सूर खाली गेला, परत म्हण' असं. सगळ्यांनी एकदम पडद्यावर जमायचं ते फक्त रविवारी, आणि तेव्हाही एकीने गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून ऐकायचं.

"कितीजणी घ्यायच्या?" आयुषीने विचारलं.

"येतील तेवढ्या."

"नाही. रोज रात्री किती आवाज नीट ऐकू शकता तुम्ही?"

चेतनाने विचार केला. "बारा. तेराव्या बाईला मी नुसतं 'छान' म्हणेन."

"मग बारा. आणि फी आधी. नाहीतर त्यांचंही पोट दुखेल."

रुचिकाने सोसायटीतल्या सातजणी आणल्या. बाकीच्या पुण्या-मुंबईच्या, कुणाची जाऊ, कुणाची मैत्रीण. शुक्रवारी सकाळपर्यंत बारा नावं भरली. अमृतने ग्रुपचं नाव वाचलं, 'आखाजी एकवीस', आणि म्हणाला, "पाइपवाला मानसाले बी घेता का?"

"माहेर कोठे शे तुमनं?" चेतनाने विचारलं.

"आठेच. हाई घर."

"मंग तुम्ही कोठेच गया नहीत. तुमले नही लागू."

पहिला आठवडा मजेत गेला. चेतनाने गाणी धनुबाईंकडून घेतली, पेटीवर बसवली, तबल्याच्या ॲपवर केरवा लावला आणि एकदम स्वच्छ, शाळेच्या गॅदरिंगला शोभेल अशी रेकॉर्ड केली. धनुबाईंनी ऐकून मान हलवली होती, पण ती होकाराची होती की माशीला, हे चेतनाने विचारलं नाही. बायांचे आवाज यायला लागले. मागे कुकरची शिट्टी, पोराचं रडणं, एकीचा नवरा 'माझा टॉवेल कुठंय' म्हणताना. पुण्याची ममता नावाची बाई बँकेत होती. ती जेवणाच्या सुटीत लॉकर रूमशेजारी उभी राहून कुजबुजत गायची. चेतनाला कित्येक वर्षांनी रात्री आठ वाजण्याची वाट बघावीशी वाटत होती.

नवव्या दिवशी रुचिकाचा व्हिडिओ आला आणि सगळं ओमफस झालं.

सोसायटीत झोका बांधून झाला होता. रुचिका उभी, दुसरी बसलेली, बाकीच्या भोवती. फोनवर चेतनाचं रेकॉर्डिंग लावून त्या गात होत्या. झोका वर निघाला तेव्हा ओळ संपून गेलेली. झोका मागे यायला लागला तेव्हा नवी ओळ अर्ध्यात. बसलेल्या बाईचा श्वास ऐन सुरावर निसटे आणि ती 'ई' करून किंचाळे. शेवटी एक म्हणाली, "हे गानं बसीसन म्हनानं शे, झोकावर नही." मग डीजे लागला. व्हिडिओखाली रुचिकाने लिहिलं होतं, 'वहिनी, रागावू नको. बायका विचारताहेत, आखाजीला झोक्यावर हे जमेल ना? नाहीतर काय उपयोग.'

चेतनाने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. सूर बरोबर होते, शब्द बरोबर होते. तरी जे विकलं होतं ते त्यांच्या हातात पडलंच नव्हतं. आखाजीला झोक्यावर गाल, असं तिने सांगितलं होतं. ओसरीत अमृत नळ्यांचं भेंडोळं सरळ करत होता. भेंडोळ्याचं टोक खोलीच्या उंबऱ्याला टेकलं होतं.

ती फोन घेऊन धनुबाईंकडे गेली. त्या लसूण सोलत होत्या. बघून झाल्यावर म्हणाल्या, "तुन्ह गानं पळी ऱ्हायनं, झोका चाली ऱ्हायना."

"तवय काबर सांगं नही आत्या? रेकॉर्ड करतांना?"

"तू इचारं का? तू इतली शिकेल, ती टकटक लायी दिधी. माले वाटनं मोबाईलमा असंच ऱ्हास." लसणाची पाकळी ताटलीत टाकून त्या म्हणाल्या, "माय, हाई गानं कोन्ही बसीसन म्हनेल नही. झोका जठे वर जास, तठे सूर. खाले येस तवय सास. ताल झोका देस, तबला नही. आन इतला वर नरडं ताणीसन कोन गाई? वारा नरडामा घुसस."

चेतनाने फोन पालथा ठेवला. विशारदच्या परीक्षेत तिला लयीवर विशेष शेरा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सासूला घेऊन मळ्यात गेली. विहिरीजवळच्या लिंबाला झोका बांधलेला होताच. धनुबाई एकाहत्तर वर्षांच्या. चेतना म्हणाली, "तुम्ही नुस्तं म्हना, मी बसस." धनुबाईंनी तिच्याकडे बिबडीच्या नकाशाकडे बघावं तसं बघितलं, लुगडं सावरलं आणि फळीवर बसल्या. अमृत विहिरीच्या मोटरीशी काही खटपट करत होता, तो धावत आला.

"माय, पडशी."

"तुन्हा बाप बी असाच म्हने. दे धक्का."

त्याने धक्का दिला. झोका लागला आणि धनुबाईंनी सूर सोडला. खालचा, भरलेला, चेतनाच्या काळी पाचच्या पट्टीच्या पार खाली, पांढरी तीनच्या आसपास. झोका वर चढताना ओळ त्याच्याबरोबर चढायची, टोकाला सूर तसाच लोंबकळत राहायचा, जसा झोका क्षणभर राहतो, आणि खाली येताना शब्द संपलेले असायचे. खाली फक्त श्वास.

झोका गया वर माय, दिखनं मन्हं घर...

घर हा शब्द अगदी टोकाला होता. तिथूनच माहेर दिसणार, खालून कसं दिसेल? चेतनाच्या केरव्यात हा शब्द कुठेतरी मधेच चिरडला गेला होता. फोन धरलेल्या हाताने तिने डोळे पुसले, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये एक खरखर आली. ती तिने तशीच ठेवली.

बायांना तिने सरळ सांगितलं. "माझी चूक झाली. मी तबला लावला, इथे झोका लावायचा होता. उद्यापासून चारही गाणी नव्याने पाठवते. सूर खाली आणलाय. मागचे नऊ दिवस वाया नाहीत, शब्द पाठ झालेत. ज्यांना सोडायचं असेल त्यांनी सांगा, पैसे परत देईन." कुणी सोडलं नाही. ममताने मात्र अडचण टाकली. "ताई, माझ्याकडे झोका नाही. तिसऱ्या मजल्यावर राहते. लय धरू कशी?"

सोसायटीबाहेरच्या सगळ्याजणींचं हेच होतं.

"दोरीले काही बी टांगा आन हलवा," अमृत म्हणाला. तो ओसरीत बसून ऐकत होता. "झोका म्हनजे काय, ओळंबाच तो. दोरी लांब तं धिम्मा, आखूड तं चपळ."

"मंग तेरा फुटी दोरी बँकवाली बाई कोठे टांगई?" चेतनाने विचारलं.

या प्रश्नाने अमृतची सकाळ खाल्ली. लिंबाचा झोका तेरा फुटांचा, जाऊन यायला चार सेकंद, हे त्याने घड्याळ लावून बघितलं. मग पाण्याने भरलेली बाटली दोरीला बांधून ओसरीच्या आडव्या सरीला टांगली. दोरी निम्मी केली. वाटलं वेळ निम्मा होईल, तो झाला नाही, जवळपास तीन सेकंद लागले. त्याने दोरी आणखी आखूड केली. सव्वातीन फुटांवर बाटली बरोबर दोन सेकंदांत जाऊन आली.

"चौथाई दोरीले निम्मा टाइम," तो स्वतःशीच म्हणाला. "हाई कसं काय?"

"पाइपा सरळ करा तुम्ही," धनुबाई आतून म्हणाल्या.

पण चेतनाने ते उचललं. बाटलीचे दोन झोके म्हणजे लिंबाचा एक. पहिल्या झोक्यात ओळ चढवायची, दुसऱ्यात सूर उतरवून श्वास. त्या रात्री तिने ग्रुपवर पाठवलं, 'सव्वातीन फूट दोरी, लिटरची बाटली, पडद्याच्या दांडीला टांगा. हलका धक्का. आणि माझं रेकॉर्डिंग बंद करून तिच्याबरोबर म्हणा.' हे तिला सगळ्यात आवडलं. प्रत्येकीचा ताल तिच्या स्वतःच्या घरात होता, कुणाच्या नेटवर अवलंबून नव्हता, कुणाला उशिरा पोचत नव्हता.

पुढचे दहा दिवस बारा घरांत बारा बाटल्या हलत होत्या. ममताच्या सासूने विचारलं, हा कुठला उतारा टांगलाय. मुंबईच्या एकीची बाटली सुटून नवऱ्याच्या पायावर पडली. चेतना रोज रात्री ऐके, तोलून सांगे. अकराव्या बाईपर्यंत कान थकायचा, बारावीला परत ताजा व्हायचा, कारण बारावी ममता होती आणि आता ती कुजबुजत नव्हती.

आखाजीला सकाळी चेतनाने घागर पुजली, आमरस केला आणि फोन मुद्दाम भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिला. दुपारपर्यंत तो थरथरून दोनदा खाली पडला. उधन्याच्या व्हिडिओत चाळीसेक बाया होत्या. सातजणी शिकलेल्या आणि बाकीच्या त्यांच्या मागे ओढल्या गेलेल्या. झोका टोकाला गेला की सगळ्यांचा सूर तिथेच थांबत होता. कुणी डीजे लावला नव्हता. ममता पुण्यात बागेतल्या लहान पोरांच्या पाळण्यावर बसली होती, पाळणा आखूड म्हणून लय पळत होती, तिने ती सांभाळली होती. एकीचं जमलं नाही, तिने शेवटच्या आठवड्यात आवाज पाठवणंच सोडलं होतं. चेतनाने तिला उद्या फोन करायचं ठरवलं.

रुचिकाने आईला फोन लावून काही न बोलता गाणं म्हटलं. पूर्ण. धनुबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तिसरी वळ घाई करी तू." मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

संध्याकाळी आयुषी आमरसाचा डबा घ्यायला आली ती बातमी घेऊनच. नावं नोंदवायला दिलेल्या तिच्या फोनवर नऊ बायांनी विचारलं होतं, पुढचा क्लास कधी.

"श्रावणात कानबाईचा उत्सव आहे," चेतना म्हणाली. "कानबाईची गाणी रात्र जागवायची असतात. ती बसूनच म्हणतात. पण ह्या वेळी मी आधी आत्यांना विचारणार."

"बाराच घ्यायच्या."

"बाराच. आणि आठवड्याच्या पाच पोरांपैकी दोनच ठेवते. रियाज करतात ती. बाकीच्यांच्या आयांना मी कालच सांगितलं. एकीने तर 'थँक्यू' म्हटलं."

अमृत दारात उभा होता. त्याने खोलीत डोकावून पाहिलं. निळी चादर निघाली होती. तिच्या जागी साध्या खिळ्याला दोरी आणि बाटली लोंबत होती. तो बघत राहिला, मग हाताने बाटलीला हळूच धक्का दिला.

"पाइपा गोठामा टाकस," तो म्हणाला. "गायले सांगी देस, आखाजीलोंग नही, कायमना."

"गाय पेटीवालीपेक्षा समजदार शे," धनुबाई चुलीजवळून म्हणाल्या. "ती काही म्हनाव नही."

चेतना काही उत्तर देणार तोच बाहेर गल्लीत एकदम हंड्यांचा आवाज झाला. नळ आले होते, आणि सणाच्या दिवशी ते अर्धा तासही टिकत नाहीत. तिने साडीचा पदर खोचला, मोरीतून दोन हंडे काखेत घेतले आणि शेजारणीच्या आधी नंबर लागावा म्हणून निघाली.